नाक, आरसा आणि सर्जरी: साधी नाराजी कुठे संपते आणि बीडीडी कुठे सुरू होतो

प्रश्न: मी 25 वर्षांची आहे. माझं नाक एका बाजूला वाकलेलं आहे आणि हाडावर उंचवटा आहे असं मला दिसतं, घरचे आणि मैत्रिणी म्हणतात काहीच नाहीये. दिवसातून किती वेळा आरशात बघते ते मोजताच येत नाही, फोटो झूम करून बघते, कुणाच्या कुठल्या बाजूला बसायचं तेही नाकाच्या हिशोबाने ठरवते. पुढच्या महिन्यात सर्जनची अपॉइंटमेंट घेतलीये. मग बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणजे बीडीडीबद्दल वाचलं आणि घाबरले. पण स्वतःमधलं काही ना काही सगळ्यांनाच आवडत नसतं ना? आणि नाक एकदा नीट करून घेतलं तर विषयच संपेल ना?

उत्तर:

चार ओळी वाचून निदान करता येत नाही, ते समोरासमोर बसून, नीट प्रश्न विचारूनच होतं, त्यामुळे तुम्हाला बीडीडी आहे की नाही हे मी सांगणार नाही. पण मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि बरीच वर्षं याच त्रासाच्या लोकांबरोबर काम करतेय, तर तुमच्या प्रश्नातल्या कुठल्या वाक्यावर मी थांबले ते सांगते. नाक वाकडं आहे या वाक्यावर मी थांबले नाही. कुणाच्या कुठल्या बाजूला बसायचं ते नाकाच्या हिशोबाने ठरवता, या वाक्यावर थांबले.

कारण फरक तिथेच आहे. लोकांना वाटतं की साधी नाराजी म्हणजे थोडं न आवडणं आणि आजार म्हणजे खूप न आवडणं, पण तसं मोजता येत नाही. एखादीला आपलं नाक मनापासून, अगदी राग येईल इतकं आवडत नाही, फोटोत बाजूने दिसलं की मूड जातो, तरी ती साधी नाराजीच असू शकते. कारण फोटो बाजूला ठेवला की दहा मिनिटांत ती दुसऱ्या कामात असते, लग्नाला जायचं तर जाते, मैत्रिणीने म्हटलं की अगं काही नाही गं तर तिला ते पूर्ण पटत नाही पण पुरतं, आणि कुठल्या खुर्चीवर बसायचं ते तिथे कोण बसलंय त्यावर ठरतं. नाराजी येते आणि जाते, दिवसाचं वेळापत्रक ठरवत नाही.

बीडीडीत नाक वेळापत्रक ठरवायला लागतं. निदान करताना आम्ही काय बघतो तर एक म्हणजे, जी गोष्ट खटकतेय ती दुसऱ्यांना दिसत नाही किंवा अगदी किरकोळ दिसते. दुसरं, त्यामुळे माणूस काहीतरी परत परत करत राहतो, म्हणजे आरसा बघणं, बोटाने चाचपणं, केसांनी किंवा मेकअपने झाकणं, लोकांना विचारणं, मनातल्या मनात प्रत्येक चेहऱ्याशी तुलना करणं. आणि तिसरं, त्याने एकतर जीव नकोसा होतो किंवा काम, कॉलेज, नाती यातलं काहीतरी आकसायला लागतं. वेळेचा अंदाज घ्यायला आम्ही साधारण दिवसाला एक तास ही खूण धरतो, सगळं मिळून तासापेक्षा जास्त जात असेल तर नीट चौकशी करायची. प्रत्यक्षात बीडीडी असलेल्या लोकांचे दिवसाचे तीन ते आठ तास यात जातात, आणि बऱ्याच जणांना स्वतःला हे माहीतच नसतं कारण ते तास सलग नसतात, पाच पाच मिनिटांचे तुकडे असतात.

अजून एक. चिंता मुख्यतः वजनाची, चरबीची असेल आणि खाण्यावर बंधनं येत असतील तर ती वाट वेगळी आहे, तिथे खाण्याच्या विकारांची तपासणी आधी होते. आणि व्यंग खरोखर कुणालाही सहज दिसेल असं असेल तर त्रास कितीही खरा असला तरी त्याला बीडीडी म्हणत नाहीत.

आता एक गोष्ट तुम्हाला दिलासा देईल की त्रास ते माहीत नाही, पण सांगणं भाग आहे. तुमच्या नाकाला खरंच जरासा उंचवटा असू शकतो. कुठलाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, एक भुवई वर असते, एक नाकपुडी मोठी असते. बीडीडी म्हणजे नसलेलं दिसणं असं लोक समजतात आणि मग घरात वाद सुरू होतो, एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही, आणि हा वाद वर्षानुवर्षं कुणी जिंकत नाही. मी कधीच कुणाशी नाकाबद्दल वाद घालत नाही. नाक कसं आहे यापेक्षा, नाकाकडे बघितल्यावर तुमच्यात काय घडतं, हे मला जास्त कामाचं वाटतं.

तर आरसा. इथे थोडा वेळ घेते कारण सगळं कुलूप इथेच आहे.

आरशाकडे माणूस का जातो? बीडीडीत तो कौतुकाने जात नाही. त्याला वाटत असतं की कदाचित या वेळी ठीक दिसेल, किंवा निदान नक्की कसं दिसतं ते एकदाचं कळेल, म्हणजे डोकं शांत होईल. डेव्हिड व्हील आणि सुझन रायली यांनी 2001 मध्ये यावरच अभ्यास केला होता, त्यात बीडीडी असलेल्या लोकांचं आरशासमोरचं सगळ्यात लांब सत्र सरासरी सत्तर मिनिटांच्या वर जात होतं, इतरांचं वीस-एकवीस मिनिटं. आणि बघून झाल्यावर ते आधीपेक्षा जास्त अस्वस्थ होत होते, तरीही परत जात होते. इतर लोक आरशात बघून आपलं काम उरकतात, म्हणजे दाढी, कुंकू, भांग, झालं, निघाले. बीडीडीत थांबण्याची खूण काम संपणं ही नसते, 'आता बरोबर वाटतंय' ही असते, आणि ते वाटणं आतून येतं, काचेतून येत नाही. मन अस्वस्थ असेल तर कितीही बघा, बरोबर वाटणारच नाही.

त्यात डोळे आणि मेंदूही साथ देत नाहीत. एकच शब्द पन्नास वेळा मोठ्याने म्हणून बघा, थोड्या वेळाने तो विचित्र, परका, अर्थ नसलेला वाटायला लागतो, शब्द तोच असतो. चेहऱ्याचंही तसंच होतं. जोव्हान्नी कापुतो या इटालियन संशोधकाने 2010 मध्ये साध्या, कुठलाही आजार नसलेल्या लोकांना मंद उजेडात आरशासमोर बसवून स्वतःच्या चेहऱ्याकडे दहा मिनिटं टक लावून बघायला सांगितलं, तर साधारण मिनिटभरातच बऱ्याच जणांना आपला चेहरा बदलताना, विकृत होताना दिसायला लागला. हे निरोगी लोक आहेत बरं का. मग जो माणूस रोज काचेला नाक लावून, एकाच मिलिमीटरवर नजर रोखून उभा राहतो त्याला काय दिसत असेल विचार करा. बीडीडीवरच्या मेंदूच्या स्कॅन अभ्यासांमध्येही, जेमी फॉइसनर यांच्या गटाने केलेले, असं दिसलं की हे लोक चेहरा एक अख्खी गोष्ट म्हणून बघण्यापेक्षा बारीक तपशिलांच्या वाटेने जास्त बघतात, दुसऱ्याचा चेहरा दाखवला तरीसुद्धा. म्हणजे लोकांना तुमचा चेहरा दिसतो आणि तुम्हाला उंचवटा दिसतो, दोघंही खोटं बोलत नसतात.

फोनचं तर विचारूच नका. फूटभर अंतरावरून, म्हणजे साधारण 12 इंचावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ 30 टक्के रुंद दिसतं, हे 2018 मध्ये गणित मांडून दाखवलंय. लेन्सच्या जवळची गोष्ट मोठी दिसते, इतकंच कारण आहे. तो फोटो झूम करून तुम्ही ज्या नाकाची तपासणी करता ते नाक समोर बसलेल्या कुणालाच कधी दिसत नाही.

आता पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, कारण लोक म्हणतात बरं, आरसा फसवतो, मग मी चांगल्या उजेडात, योग्य अंतरावरून, नीट बघेन. त्यानेही सुटत नाही. परत परत तपासण्याने खात्री वाढत नाही, कमी होते. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी 2003 मध्ये लोकांना कॉम्प्युटरवर गॅसची शेगडी बंद केली का ते परत परत तपासायला लावलं, वीस वेळा. शेवटी त्यांना काय तपासलं ते बरोबर आठवत होतं, पण आपल्या आठवणीवरचा विश्वास मात्र उडाला होता. हा प्रयोग ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती परत परत होण्याच्या आजाराच्या, संदर्भातला आहे, पण बीडीडीचं इंजिन तेच आहे, म्हणून तर मानसिक आजारांच्या वर्गीकरणाच्या पुस्तकात, 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, बीडीडीला ओसीडीच्या शेजारी नेऊन बसवलं. शंका येते, पोटात गोळा येतो, तपासलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मेंदू शिकतो की तपासणं हाच उपाय, आणि पुढची शंका लवकर येते. मैत्रिणीला विचारणं, सेल्फी काढून डिलीट करणं, बोटाने हाड चाचपणं, हे सगळं आरसाच आहे, फक्त काच नाही.

आणि आरसा पूर्ण टाळणं हाही उपाय नाही. काही जण घरातले आरसे झाकतात, ब्रश करताना डोळे मिटतात. मग मनातलं चित्र अजून बिघडतं कारण त्याला प्रत्यक्षाशी ताडून बघायला काही उरत नाही, आणि कधीतरी अचानक काचेत दिसलं की अख्खा दिवस वाईट जातो. टाळणं आणि तपासणं आलटून पालटून चालतं बऱ्याच जणांत.

एक केस सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत. मुलगा, तेविशीतला, ऑफिसात हिशोबाचं काम. माझ्याकडे आला तेव्हा त्याची नाकाची सर्जरी होऊन दोन वर्षं झाली होती. सर्जरी चांगली झाली होती, आधीचे आणि नंतरचे फोटो मी बघितले, उंचवटा गेला होता. त्याने सांगितलं की पहिले दोन-तीन महिने छान गेले, कारण काहीही खटकलं की तो म्हणायचा सूज आहे, उतरेल. नाकाच्या सर्जरीत सूज, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरायला वर्ष लागू शकतं, सर्जन हे आधीच सांगतात. इतरांसाठी ही साधी सूचना असते. याच्यासाठी ते वर्षभर रोज सकाळी सूज किती उतरली ते तपासण्याचं कारण झालं, म्हणजे सर्जरीआधी तो जेवढा आरशासमोर होता त्यापेक्षा नंतर जास्त. त्या तपासण्यात त्याला सापडलं की एक नाकपुडी दुसरीपेक्षा जरा उंच आहे. कदाचित ती आधीपासूनच होती, पण आधी कुणी तिकडे बघत नव्हतं. त्याला परत सर्जरी हवी होती, दुसऱ्या सर्जनने नकार दिला, मग नाकावरून लक्ष जबड्यावर गेलं, डावा जबडा रुंद आहे. आईने ओढत आणला म्हणून आला, स्वतःला त्याला जबड्याचा चांगला सर्जन हवा होता.

पहिल्या आठवड्यात मी त्याला काहीच बंद करायला सांगितलं नाही. फक्त लिहायला सांगितलं. कधी बघितलं, कशात बघितलं, किती वेळ, आणि अस्वस्थता शून्य ते दहा मध्ये किती होती, बघण्याआधी, लगेच नंतर आणि वीस मिनिटांनी. लिहून आणलं तर बाथरूमचा आरसा सकाळी पाऊण तास, दिवसभर फ्रंट कॅमेरा, ऑफिसच्या लिफ्टचं चकचकीत दार, उभ्या गाडीच्या काचा, मीटिंगमध्ये व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच चौकोन, आणि हनुवटीवर हात ठेवून जबडा चाचपणं, हे तर त्याला स्वतःला माहीतच नव्हतं किती होतं. बेरीज रोजची चार तासांच्या आसपास. पण त्याला हलवलं ते आकड्यांच्या शेवटच्या रकान्याने. आधी सहा, लगेच नंतर चार, वीस मिनिटांनी सात. आठवडाभर, जवळजवळ प्रत्येक नोंदीला तेच. तो हिशोबाचा माणूस, त्याने स्वतःच म्हटलं की हे तर दर वेळी तोट्यात जातंय.

तुम्हाला आजच काही करायचं असेल तर हे करा. एक आठवडा, ही तीन आकड्यांची वही. बंद काही करू नका, फक्त लिहा. साध्या नाराजीत एकतर नोंदीच फार होणार नाहीत, किंवा बघितलं, ठीक, संपलं असं येईल. शेवटचा आकडा पहिल्याइतकाच किंवा त्याच्या वर जात असेल आणि नोंदी पानंच्या पानं भरत असतील, तर ते निदान नाही, पण निदान करून घ्यायला जायचं ठोस कारण आहे, आणि ती वही सोबत न्या, डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आता सर्जरीचा प्रश्न. ज्याला साधी नाराजी आहे, जो म्हणतो मला हा उंचवटा आवडत नाही, काढला तर बरं वाटेल, नाही काढला तरी चालेल, असे लोक सर्जरीनंतर बऱ्यापैकी समाधानी असतात. मी कॉस्मेटिक सर्जरीच्या विरोधात नाही. पण बीडीडीत गणित वेगळं होतं. कॅनिस क्रेरँड, कॅथरिन फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये बीडीडी असलेल्या लोकांनी करून घेतलेल्या सर्जरी आणि छोट्या प्रोसिजर तपासल्या, तर त्यातल्या फक्त 2.3 टक्के प्रोसिजरनंतर बीडीडीत टिकाऊ सुधारणा झाली. काही जणांना तो विशिष्ट भाग बरा वाटायला लागला, पण आजार तिथेच राहिला. कारण सर्जरी नाकावर होते आणि त्रास तपासण्यात असतो. सर्जरी म्हणजे सगळ्यात मोठी, सगळ्यात महागडी तपासणी, आता तरी बरोबर वाटेल का. थोडे दिवस वाटतं. मग तेच लक्ष, तेच निकष, तोच मिलिमीटर, फक्त जागा बदलते किंवा त्याच जागी नवीन दोष सापडतो. वर एक नवं दुःख येतं, मी स्वतःच माझं चांगलं नाक बिघडवून घेतलं हे. आधी निदान निसर्गाने दिलेलं होतं, आता त्यात स्वतःचा निर्णय असतो, आणि हा पश्चात्ताप मी खूप खोल गेलेला बघितलाय.

सर्जन ओळखेल की, असं धरून चालू नका. डेव्हिड सारवर यांनी सर्जननाच विचारलं होतं, निष्कर्ष 2002 मध्ये आले, त्यात 84 टक्के सर्जन म्हणाले की एखाद्या पेशंटला योग्य समजून सर्जरी केली आणि बीडीडी असल्याचं नंतर लक्षात आलं, असं आमच्याकडे झालंय. वीस मिनिटांच्या भेटीत नीटनेटकी, शिकलेली मुलगी म्हणते मला हा उंचवटा काढायचाय, तर सर्जनला आरशाचे चार तास दिसणार कसे? तुम्ही सांगितलं तरच. आणि फिलर, बोटॉक्स, लेझर या छोट्या गोष्टींना लोक सर्जरी धरत नाहीत, पण त्या परत परत करता येतात म्हणून तपासण्याच्या चक्रात अजूनच सहज बसतात.

मग उपाय काय चालतो. बीडीडीसाठी खास बेतलेली सीबीटी, म्हणजे विचारांवर आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, ज्यात सामोरं जाणं आणि सवयीची कृती न करणं हा गाभा असतो, आणि एसएसआरआय गटातली औषधं. त्या मुलाबरोबर कसं केलं ते सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल.

आरसा बंद केला नाही, त्याचे नियम बदलले. काचेपासून किमान हातभर दूर, शक्यतो कंबरेपर्यंत दिसेल असा आरसा, नेहमीचाच दिवा, जास्तीचा टॉर्च नाही, काम ठरवून जायचं आणि काम झालं की निघायचं, बरोबर वाटण्याची वाट बघायची नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड. नवे नियम सुरू झाल्यावरच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला की अर्धवट सोडून आल्यासारखं वाटतं, ऑफिसला पोचेपर्यंत छातीत धडधडतं. ते होणारच. आम्ही त्या धडधडीचीही नोंद ठेवली, आणि त्याला दिसलं की न तपासता बसलं तर ती चढते, टिकते आणि मग आपोआप उतरते, काहीच न करता. हे सांगून कळत नाही, अंगावर घ्यावं लागतं. फ्रंट कॅमेरा आणि लिफ्टचं दार नंतर घेतलं, एकेक करून, लिफ्टमध्ये तो दाराऐवजी मजल्याच्या आकड्याकडे बघायला लागला. व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चौकोन लपवला. हात हनुवटीवर जायचा तो सोडवायला सगळ्यात वेळ लागला, कारण तो नकळत जायचा.

मग आरशाचाच वापर औषध म्हणून. दोन-तीन फुटांवर उभं राहून डोक्यापासून पायापर्यंत स्वतःचं वर्णन करायचं, जणू फोनवर कुणी चित्रकार ऐकून तुमचं चित्र काढतोय. केस काळे, कपाळ मध्यम, भुवया जाड, नाक, ओठ, खांदे, शर्टचा रंग, सगळ्यांना सारखा वेळ. 'बेढब', 'विचित्र' असले शब्द नाहीत, रंग, आकार, लांबी एवढंच. तो नाकावरून जबड्यावर आला की अडकायचा, तिथून पुढे सरकायचं. यातून नजर एका मिलिमीटरवरून अख्ख्या माणसावर जायला शिकते. हे घरी वाचून एकट्याने करायला गेलात तर ते पटकन नवीन तपासणं होऊन बसतं, म्हणून सुरुवातीला थेरपिस्टसोबतच करा.

आणि बाहेरचे प्रयोग. तो कायम मीटिंगमध्ये भिंतीच्या डाव्या टोकाला बसायचा, म्हणजे डावा जबडा कुणाला दिसू नये. आम्ही मधली खुर्ची ठरवली. आधी त्याने लिहिलं, समोरच्या चौघांपैकी तिघं तरी जबड्याकडे बघतील आणि निदान एक जण काहीतरी बोलेल. मीटिंगमध्ये त्याचं काम एवढंच होतं की लोक कुठे बघतात ते बघायचं, आपण कसे दिसतोय याची आत कल्पना करायची नाही. लोक स्क्रीनकडे बघत होते, एकाने त्याच्या हिशोबातली चूक काढली. जबड्याबद्दल एक शब्द नाही. एका प्रयोगाने काही होत नाही, तो म्हणाला आज ते बिझी होते. मग दुसरी मीटिंग, मग कॅन्टीन, मग बाजूने फोटो काढू देणं. साधारण पाच महिने, आठवड्याला एकदा, असं चाललं, बीडीडीच्या सीबीटीला एवढा वेळ लागतोच, दोन-चार भेटींत होणारं हे काम नाही.

शेवटी त्याला जबडा आवडायला लागला का? नाही. तो अजूनही म्हणतो बाजूचा फोटो मला आवडत नाही. पण आता तो फोटो बघतो, तोंड वाकडं करतो आणि पुढचा फोटो बघतो. म्हणजे तुम्ही म्हणालात ना, सगळ्यांनाच काहीतरी आवडत नसतं, तिथे तो पोचला. बीडीडीचे उपचार साध्या नाराजीपर्यंत आणून सोडतात, आणि त्या नाराजीसह जगता येतं.

औषधांबद्दल थोडक्यात, कारण ती मी लिहून देत नाही, सायकिअॅट्रिस्ट देतात. एसएसआरआय बीडीडीत काम करतात, फिलिप्स यांच्या 2002 च्या फ्लुओक्सेटिनच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना फायदा झाला, खोट्या गोळीवर वीस टक्क्यांहून कमी लोकांना. पण डिप्रेशनपेक्षा डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि नीट अंदाज यायला तीनेक महिने जातात, लोक चौथ्या आठवड्यात 'काही होत नाही' म्हणून सोडतात, आणि अचानक सोडल्याने त्रास होतो तो वेगळाच. ज्यांना आपलं म्हणणं शंभर टक्के खरं वाटतं, की दोष आहेच आणि सगळे खोटं बोलतायत, त्यांनाही हेच औषध चालतं, खात्री पक्की असली म्हणजे उपचार लागू पडत नाही असं नाही.

घरच्यांसाठी, त्यांना हे वाचायला द्या. 'नाक छान आहे' हे दिवसातून दहा वेळा सांगणं थांबवा, प्रेमाने सांगता हे मला माहितीये, पण ते तिच्या तपासण्याचाच भाग होतं. एकदाच, ती शांत असताना, दोघांनी मिळून ठरवा की नाकाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर असेल 'तुला आत्ता त्रास होतोय दिसतंय, चल, दहा मिनिटं माझ्यासोबत बस'. न ठरवता अचानक गप्प झालात तर तिला वाटेल की म्हणजे खरंच वाकडं आहे.

आणि हे स्पष्ट विचारते, कारण बीडीडीत हे खूप जास्त असतं. दिसण्यामुळे जगू नये असं वाटतं का, मरणाचे विचार येतात का, किंवा स्वतःच घरी काहीतरी करून नाक दाबावं, बदलावं असं मनात येतं का? यातल्या एकालाही हो असेल तर वही, आठवडा, काही नको, आजच घरातल्या एका माणसाला सांगा आणि सायकिअॅट्रिस्टकडे किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे 'नाकाबद्दल आहे' म्हणून लाज वाटून अर्धवट सांगू नका. बरेच जण फक्त टेन्शन आहे, झोप लागत नाही एवढंच सांगतात आणि डिप्रेशनची गोळी घेऊन परत येतात, मूळ गोष्ट कुणाला कळतच नाही. 'मला माझ्या नाकाचे विचार दिवसाला इतके तास येतात', हे वाक्य असंच्या असं म्हणा.

पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट पुढे ढकला. रद्द करा म्हणत नाही, कारण रद्द म्हटलं की तुम्हाला वाटेल दार कायमचं बंद झालं आणि तीच एक चिंता होऊन बसेल. आधी बीडीडी किंवा ओसीडी बघणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडून किंवा सायकिअॅट्रिस्टकडून तपासणी करून घ्या. बीडीडी निघाला नाही तर सर्जनकडे जा, आरशाची सवय मात्र त्यांना सांगा. बीडीडी निघाला तर आधी पूर्ण उपचार घ्या, आणि तपासणं आटोक्यात येऊन काही महिने झाल्यावर सर्जरीचा विचार परत काढा. तेव्हा अजूनही वाटलं की हा उंचवटा नको, तर त्या वेळचा निर्णय तुमचा असेल. माझ्याकडे त्या टप्प्याला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तो विषय परत काढलाच नाही, काहींनी काढला, आणि त्यांच्याशी मी त्यावर नीट बसून बोलले.